शेवटच्या k रीडिंगचा मीडियन: "हेच स्ट्रक्चर का?" याचं उत्तर बोलून कसं द्यायचं?

प्रणव_सोलापूर

पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहे. कोड लिहायला जमतो, पण "बोलत बोलत सोडवा" म्हटलं की गाडी अडते. काल मित्रासोबत सराव केला आणि त्याने माझं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं. प्रश्न असा होता:

बॉयलरवर तापमानाचा सेन्सर आहे. दर मिनिटाला एक रीडिंग येतं, पूर्णांक. पहिली k रीडिंग आल्यानंतर प्रत्येक नव्या रीडिंगला शेवटच्या k रीडिंगचा मीडियन सांगायचा. एकूण रीडिंग n, जास्तीत जास्त २ लाख. k हा १ ते n यांपैकी काहीही, पण विषम, आणि एकदा ठरला की बदलत नाही.

माझं बोलणं जसंच्या तसं देतो: "मीडियन विचारलाय, म्हणजे दोन हीप. लहान निम्मे मॅक्स हीपमध्ये, मोठे निम्मे मिन हीपमध्ये. टाकायला log n, मीडियन वरच सापडतो, म्हणून एकूण n log n. २ लाखांना आरामात चालेल."

मित्र म्हणतो की उत्तर बरोबर आहे, पण पाठ केल्यासारखं वाटतं. नक्की काय खटकतंय? मनमोकळेपणे फाडा.

झटपट

दोन हीप कशाला? ही सरकती खिडकी आहे. सरकत्या खिडकीला मोनोटोनिक डेक, O(n), विषय संपला. प्रत्येक एलिमेंट एकदा आत आणि एकदा बाहेर. मी हा पॅटर्न डोळे मिटून लिहितो.

अनुराधा_जो

झटपट, तो डेक खिडकीतल्या सर्वांत मोठ्या आकड्यासाठी चालतो, मीडियनसाठी नाही. रीडिंग ३, ८, १ घ्या, k = ३. डेकमध्ये ३ आला. मग ८ आला, तेव्हा ३ फेकून दिला, कारण ८ असेपर्यंत ३ कधीच सर्वांत मोठा होणार नाही. मग १ आला. डेकमध्ये उरले ८ आणि १. मीडियन मात्र ३ आहे, आणि तोच आपण फेकून बसलो. सर्वांत मोठ्याच्या प्रश्नात काही आकडे कायमचे बाद होतात. मीडियनच्या प्रश्नात खिडकीत असलेला कुठलाही आकडा पुढे मधला ठरू शकतो, म्हणून काहीच टाकता येत नाही.

आता प्रणव. मी इंटरव्ह्यू घेते, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय ऐकू येतं ते सांगते. तुझं पहिलंच वाक्य "मीडियन विचारलाय, म्हणजे दोन हीप" असं आहे. प्रश्नातला एक शब्द ऐकून स्ट्रक्चर ठरलं. प्रश्न काय काय करायला सांगतोय हे तू मोजलंच नाहीस. मोजून बघ: नवं रीडिंग आत घ्यायचं, सर्वांत जुनं बाहेर काढायचं, मधलं सांगायचं. तीन कामं. तुझ्या बोलण्यात पहिलं आणि तिसरं आहे. दुसऱ्याचा उल्लेखच नाही, आणि या प्रश्नाची सगळी गोम त्या दुसऱ्यात आहे. हीप फक्त वरचा आकडा सहज काढून देतो. जाणारं रीडिंग तर हीपच्या पोटात कुठेही असेल. ते कसं काढणार?

तू बोललास ते उत्तर "आतापर्यंतच्या सगळ्या रीडिंगचा मीडियन" या प्रश्नाचं आहे. तिथे काही बाहेर जात नाही. दोन्ही प्रश्न ऐकायला जुळ्या भावांसारखे, पण काम निराळं.

ओंकार_म्युनिक

जावावाल्यांनी इथे फार ताण घेऊ नये. `PriorityQueue` ला `remove(Object)` आहेच. जाणारं रीडिंग ज्या हीपमध्ये असेल तिथून काढा, दोन्ही हीप समतोल करा, झालं. मी असंच लिहिलं असतं.

अनुराधा_जो

ओंकार, मेथड आहे, पण तिची किंमत बघ. ती आकडा शोधायला आतला अॅरे सुरुवातीपासून चाळते, म्हणजे O(k). k = १ लाख असेल तर एका हीपमध्ये ५० हजार आकडे. १ लाख वेळा काढायचं, दर वेळी वाईटात वाईट ५० हजार तुलना: ५०० कोटी. कोड छोटा आणि नीटस दिसतो, आणि log कुठे गेला ते कळतही नाही. `offer` आणि `poll` log मध्ये, `remove(Object)` सरळ रेषेत. कॉम्प्लेक्सिटी स्ट्रक्चरच्या नावाला नसते, त्या स्ट्रक्चरवरच्या एकेका ऑपरेशनला असते. बोलताना "हीप log n" म्हणू नका, "हीपमध्ये टाकणं log n" म्हणा. मग पुढचा प्रश्न आपोआप पडतो: आणि काढणं?

प्रणव_सोलापूर

आलं लक्षात. म्हणजे मी आधी तीन कामं बोलायची. मग मर्यादांचं गणित कुठे घालू? मी "२ लाखांना आरामात चालेल" म्हणालो होतो, पण खरं सांगायचं तर ते कानाला बरं वाटतं म्हणून म्हणालो.

निवांत_बसलेला

मर्यादा सर्वांत आधी. k जास्तीत जास्त n, म्हणजे सर्वांत वाईट केस k = २ लाख. दर वेळी खिडकी सॉर्ट केली तर २ लाख गुणिले २ लाख, ४ हजार कोटी. बाद. इतकं बोललं की पुरे.

अनुराधा_जो

निष्कर्ष बरोबर, केस चुकीची. k = n असेल तर खिडकी एकच, एकदा सॉर्ट केलं की काम संपलं. खिडक्या n − k + १, प्रत्येक खिडकीत k आकडे. हा गुणाकार k निम्म्यावर असताना सर्वांत मोठा होतो. n = २ लाख, k = १ लाख: सुमारे १ लाख खिडक्या, प्रत्येकी १ लाख आकडे, म्हणजे १ हजार कोटी. हे नुसतं प्रत्येक आकड्याला हात लावायचं. सॉर्टचा log अजून यायचा आहे, तो साधारण १७ पट. सी++ मध्ये सेकंदाला १० कोटी साध्या पायऱ्या आणि पायथनमध्ये १ कोटी हा ढोबळ हिशोब धरला, तर नुसतं हात लावायलाच सी++ ला शंभरएक सेकंद लागतील.

प्रणव, हे असंच बोल. "k जवळपास n च्या निम्मा असेल तेव्हा सर्वांत वाईट" हे एक वाक्य ऐकलं की मला कळतं की समोरचा गणित करतोय. आणि लाख-कोटीत विचार करत असशील तर कर, पण त्यांच्यासमोर दहाचा घात सांग: १ कोटी म्हणजे दहाचा सातवा घात. मनातल्या मनात बदलताना एखादं शून्य हमखास निसटतं, म्हणून कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं.

देशपांडे_काका

नमस्कार मंडळी. मी बँकिंगच्या डेटाबेसांवर बरीच वर्षं काम केलंय. एवढी यातायात कशाला ते समजलं नाही. पोस्टग्रेसमध्ये `percentile_cont(0.5)` आहे. शेवटच्या k ओळींवर विंडो लावा आणि मीडियन घ्या. इंडेक्स नीट असेल तर २ लाख ओळी म्हणजे काहीच नाहीत.

रात्रपाळी

काका, करून बघा. पोस्टग्रेस `percentile_cont` ला `OVER` लावू देत नाही, सरळ एरर येतो. ग्रुपवर चालतं, सरकत्या विंडोवर नाही. लॅटरल जॉइन लावून प्रत्येक ओळीमागे शेवटच्या k ओळी उचलता येतील, पण मग तेच १ हजार कोटी डेटाबेसच्या पोटात होणार.

मूळ मुद्द्यावर: मी पायथनमध्ये `bisect.insort` वापरतो. सॉर्टेड लिस्ट ठेवायची, नवं रीडिंग `insort` ने टाकायचं, जुनं `bisect_left` ने शोधून `del` करायचं, मधलं म्हणजे `a[k//2]`. दहा ओळी. सरावाच्या साइटवर पासही झालं. शोध log k मध्ये होतो, म्हणजे एकूण n log k. दोन हीपची कटकटच नको.

देशपांडे_काका

आत्ताच चालवून बघितलं. खरंच एरर येतो. कमाल आहे. बाकी चर्चा वाचतोय.

अनुराधा_जो

रात्रपाळी, पास होतं यात आश्चर्य नाही, पण n log k म्हणू नकोस. शोधणं log k, मान्य. जागा सापडल्यावर उजवीकडचे सगळे आकडे एकेक घर सरकवावे लागतात, ते O(k). फरक एवढाच की ते सरकवणं मेमरीचा एक अख्खा तुकडा एका दमात हलवून होतं, पायथनच्या लूपमधून नाही, म्हणून k काही हजारांत असताना ते जाणवतच नाही. k = १ लाख केलास की जाणवायला लागेल.

माझ्यासमोर कुणी असं बोललं: "कागदावर हे n गुणिले k आहे. पण सरकवणं फार स्वस्त पडतं, म्हणून k दहा हजारांच्या आत असेल तर मी हेच लिहीन, वर गेला तर बदलीन", तर मी त्याला पूर्ण गुण देईन. तोच कोड लिहून "n log k" म्हणणाऱ्याला देणार नाही.

रात्रपाळी

चालेल. मग `sortedcontainers` मधली `SortedList`? ती पायथनसोबत येत नाही, वेगळी इन्स्टॉल करावी लागते. इंटरव्ह्यूत वापरलेली चालते का?

अनुराधा_जो

माझ्याकडे चालते, आत काय चाललंय हे दोन वाक्यांत सांगता आलं तर.

ओंकार_म्युनिक

आमच्याकडे नाही चालत. भाषेसोबत जे येतं तेवढंच. म्हणून आधी विचारलेलं बरं.

रश्मी_फर्मवेअर

माझी केस वेगळी आहे, तरी सांगते. मी मायक्रोकंट्रोलरवर काम करते आणि माझ्या इंटरव्ह्यूत जवळपास हाच प्रश्न आला होता: सेन्सरच्या रीडिंगमधला नॉइज गाळायला शेवटच्या काही रीडिंगचा मीडियन. मी पहिलं विचारलं की k किती. उत्तर आलं ७. चिप एटीमेगा ३२८पी, तिच्यात रॅम २ केबी. तिथे हीप, ट्री यांचं नाव काढणंच चूक. सात घरांचा वर्तुळाकार बफर आणि सात घरांचा सॉर्टेड अॅरे. जुनं काढा, नवं योग्य जागी सरकवा, चौथं घर वाचा. १६ बिटांची रीडिंग असतील तर दोन्ही मिळून २८ बाइट. n किती हे मी विचारलंच नाही, कारण सेन्सर बंद होईपर्यंत रीडिंग येतच राहणार.

प्रणव_सोलापूर

रश्मीताई, हे भारी आहे. पण माझ्या प्रश्नात k २ लाखांपर्यंत जातो, त्यामुळे माझं तेवढ्यात भागणार नाही.

अनुराधाताई, मग पोटातला आकडा काढायचा कसा? मला हीपच वापरायचे आहेत. इंटरव्ह्यू पायथनमध्ये आहे आणि `heapq` शिवाय हाताशी काही नाही.

अनुराधा_जो

काढायचाच नाही. तो मेलाय हे लक्षात ठेवायचं, आणि तो वर आला की तेव्हा फेकायचा. त्यासाठी रीडिंगसोबत त्याचा क्रमांक हीपमध्ये ठेव. सध्या i वं रीडिंग चालू असेल, तर ज्याचा क्रमांक i − k किंवा त्याहून कमी आहे तो खिडकीबाहेर गेला. शोधाशोध नाही, वेगळी डिक्शनरी नाही. लहान निम्म्यांचा हीप `lo` असा असेल की त्यात दोन्ही गोष्टी उणे करून ठेवल्यात, तर साफसफाई एवढीच:

```python
# lo मध्ये (-reading, -index)
while lo and -lo[0][1] <= i - k:
    heapq.heappop(lo)
```

आता खरी अडचण. दोन्ही हीप समतोल ठेवताना सगळे `len(lo)` आणि `len(hi)` बघतात. पण `len` मध्ये मेलेलेही मोजले जातात. समज `lo` मध्ये १० आहेत, पैकी ४ मेलेले, आणि `hi` मध्ये ९ जिवंत. `len` म्हणेल १० आणि ९, सगळं ठीक. प्रत्यक्षात ६ आणि ९, म्हणजे वर दिसणारा आकडा मधला नाहीच. म्हणून जिवंत किती याचे दोन वेगळे आकडे ठेवायचे. रीडिंग खिडकीबाहेर गेलं त्या क्षणी त्याच्या बाजूचा आकडा एकने कमी करायचा, मग ते हीपमधून प्रत्यक्ष जाईल तेव्हा जाईल.

ही चूक कशी ओळखायची? छोट्या उदाहरणात बहुधा दिसत नाही, कारण तिथे मेलेले पटकन वर येऊन जातात. चढत जाणारी रीडिंग देऊन बघ: १, २, ३, ४, ५, ६, ७, k = ३. उत्तर २, ३, ४, ५, ६ यायला हवं. `len` वापरलेला कोड यात लंगडतो.

झटपट

कुठल्या बाजूचा आकडा कमी करायचा हे कसं कळणार? ७५ दोन्ही हीपमध्ये असू शकतो.

अनुराधा_जो

चांगला प्रश्न. म्हणूनच क्रमांक सोबत आहे. (७५, ४) आणि (७५, ९) या दोन वेगळ्या जोड्या झाल्या, त्यांची तुलना ठाम होते. जाणारी जोडी `lo` च्या वरच्या जोडीइतकी किंवा लहान असेल तर ती `lo` मध्ये, नाहीतर `hi` मध्ये. नुसते आकडे ठेवले असते तर सारख्या रीडिंगवर गोंधळ झाला असता, आणि बॉयलरच्या तापमानात सारखी रीडिंग ढिगाने येणार.

खर्चाचं बोलायचं तर प्रत्येक रीडिंगला सरासरी दोन-तीन हीप ऑपरेशन, प्रत्येकी जास्तीत जास्त १८ पायऱ्या. २ लाखांना एक कोटीच्या आसपास. "आरामात चालेल" म्हणायचा हक्क आता मिळाला.

झटपट

थांबा. मेलेले वर आल्यावरच जातात म्हणताय. तुमच्याच चढत्या रीडिंगमध्ये बघा. मेलेले नेहमी सर्वांत लहान, म्हणजे `lo` च्या तळाशी. ते वर येतीलच कधी? `lo` फुगत n पर्यंत जाईल. मेमरी k ची नाही, n ची झाली.

अनुराधा_जो

अगदी बरोबर. n = २ लाखांना फरक पडत नाही, रीडिंग संपतात. रश्मीसारखं न संपणारं यंत्र असेल तर मेमरी संपेल. दोन वाटा आहेत. एक, मेलेल्यांची संख्या जिवंतांपेक्षा जास्त झाली की हीप नव्याने बांधायचा. खर्च वाटून जातो, log च राहतो. दोन, ज्यातून खरोखर काढता येतं असं स्ट्रक्चर: सी++ मध्ये `multiset`, जावात `TreeSet` ची जोडी. ओंकार, तुझ्या `PriorityQueue` ऐवजी दोन `TreeSet` घेतलेस, तर `remove` खरोखर log मध्ये होईल. फक्त त्यातही (रीडिंग, क्रमांक) ठेव, नाहीतर दुसरा ७५ टाकायला गेलास की सेट तो गुपचूप नाकारेल.

ओंकार_म्युनिक

आणि कंपॅरेटर `a - b` असा लिहू नये. तापमानाला चालेल, पण `int` ची पूर्ण रेंज दिली तर वजाबाकी ओव्हरफ्लो होऊन क्रम उलटतो. `Integer.compare`. k सम असेल तेव्हा मधल्या दोघांची बेरीजही `long` मध्ये करायची.

खोडसाळ

एक बाळबोध शंका. दर मिनिटाला एक रीडिंग, म्हणजे २ लाख रीडिंग जमायला साडेचार महिने. दोन रीडिंगच्या मध्ये अख्खा मिनिट मोकळा. १ लाख आकडे सॉर्ट करायला सेकंदही लागत नाही. मग दर मिनिटाला सॉर्ट करून मोकळं का होऊ नये? तुम्ही सगळे इथे कशासाठी घाम गाळताय?

निवांत_बसलेला

😀 याला कामावर घ्या.

अनुराधा_जो

हसू नका, मी हे इंटरव्ह्यूत ऐकलं तर खूश होईन. मर्यादा म्हणजे नुसता n नाही, n किती वेळात हवाय हेही आलं. साठवलेली फाइल एका झटक्यात चालवायची असेल तर १ हजार कोटी अडतात. बॉयलरसमोर बसून मिनिटाला एक उत्तर द्यायचं असेल तर साधा सॉर्ट पुरतो आणि त्यात चुका कमी. प्रणव, हा प्रश्न पहिल्या मिनिटात विचार: "फाइल हातात आहे, की रीडिंग येतील तशी उत्तरं द्यायचीत?"

याचा दुसराही उपयोग आहे. फाइल हातात असेल तर सगळी रीडिंग आधीच दिसतात. ती सॉर्ट करून प्रत्येकाला १ पासून क्रम देता येतो आणि त्या क्रमांवर फेनविक ट्री चालतो. येतील तशी घ्यायची असतील तर ती वाट बंद, कारण उद्याचं रीडिंग कुठे बसेल हे आज माहीत नाही.

आणि एक गोष्ट इतक्या वेळात कुणीच विचारली नाही. तापमान किती ते किती?

प्रणव_सोलापूर

मित्राने सांगितलं नव्हतं. बॉयलर आहे, म्हणून ० ते २०० धरू?

अनुराधा_जो

तसं असेल तर हीपची गरजच उरत नाही. २०१ घरांचा अॅरे घे. प्रत्येक घरात त्या तापमानाची किती रीडिंग सध्या खिडकीत आहेत ते. नवं आलं, त्याचं घर एकने वाढव. जुनं गेलं, त्याचं घर एकने कमी कर. मीडियनसाठी डावीकडून बेरीज करत जा, निम्म्याच्या पुढे गेली की थांब.

```python
need, run = k // 2 + 1, 0
for t in range(201):
    run += cnt[t]
    if run >= need:
        break          # t हाच मीडियन
```

हाताने करून बघू. k = ५, रीडिंग ७२, ७५, ७१, ७५, ९०. तिसरा हवा. ७१ वर बेरीज १, ७२ वर २, ७५ वर ४. तीन ओलांडले, मीडियन ७५. आता ७० आलं, ७२ गेलं: ७० वर १, ७१ वर २, ७५ वर ४, पुन्हा ७५. परत ७० आलं, ७५ पैकी जुनं गेलं: ७० वर २, ७१ वर ३. मीडियन ७१. कुठला ७५ गेला हा वादच नाही, घरात फक्त संख्या आहे. मेलेले नाहीत, समतोल नाही, दोन हीप नाहीत. जुनं रीडिंग कोणतं हे कळायला शेवटची k रीडिंग तेवढी हातात हवीत.

खर्च: २ लाख गुणिले २०१, सुमारे ४ कोटी, k कितीही असो. सी++ मध्ये सेकंदाच्या आत. पायथनमध्ये काही सेकंद, तेव्हा तिथे त्याच २०१ घरांवर फेनविक ट्री ठेवून चालणं आठ पायऱ्यांवर आणता येतं.

रश्मी_फर्मवेअर

आमच्याकडे रीडिंग दशांशात येतात, ७२.४ वगैरे. मग दहाने गुणायचं, २००१ घरं. तरीही चालेल ना?

अनुराधा_जो

चालेल, पण मग साधी बेरीज ४० कोटींवर गेली, म्हणजे फेनविक हवाच. रीडिंग उणे १०० कोटी ते १०० कोटी असतील तर घरांचा अॅरे बाद, परत हीप किंवा ट्री. बघा, ऑपरेशन तीच तीन राहिली. नुसती आकड्यांची रेंज बदलली आणि निवड पालटली.

झटपट

पण इंटरव्ह्यू घेणारा म्हणाला "मर्यादा काहीही धर", तर? माझ्या अनुभवात निम्मे असंच म्हणतात.

ओंकार_म्युनिक

मग सर्वांत अवघड धरायची. मोठी रेंज, मोठा k, येतील तशी रीडिंग. सोपी धरलीस तर पळवाट काढली असं वाटतं.

अनुराधा_जो

मला उलट वाटतं. प्रश्नात बॉयलर म्हटलंय तर बॉयलरची रेंज धरावी, ती धरल्याचं मोठ्याने सांगावं, आणि "रेंज मोठी असती तर दोन हीप घेतले असते" हे एका वाक्यात जोडावं.

ओंकार_म्युनिक

समोर कोण बसलंय त्यावर आहे. मी माझं मत बदलत नाही.

प्रणव_सोलापूर

सगळं ऐकून पुन्हा रेकॉर्ड केलं. लिहून देतो:

"तीन कामं आहेत. नवं रीडिंग घेणं, सर्वांत जुनं काढणं, मधलं सांगणं. विचारायच्या गोष्टी दोन: रीडिंग कुठून कुठपर्यंत, आणि फाइल हातात आहे की येतील तशी? उत्तर नसेल तर मी ० ते २०० आणि फाइल धरतो. प्रत्येक खिडकी सॉर्ट केली तर सर्वांत वाईट k निम्म्यावर, दहाचा दहावा घात, परत वर log, म्हणून नाही. रेंज छोटी आहे म्हणून २०१ घरांचा मोजणीचा अॅरे. टाकणं एक पायरी, काढणं एक पायरी, मधलं शोधणं २०१ पायऱ्या, एकूण चार कोटी. पायथनमध्ये ते जड वाटलं तर त्याच घरांवर फेनविक. रेंज मोठी असती तर दोन हीप, क्रमांकासह, आणि जिवंत किती ते वेगळं मोजून."

रात्रपाळी

खिडकी सॉर्ट करण्याचं वाक्य काढून टाक. ते चालणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, उगाच वेळ जातो.

अनुराधा_जो

ठेव. पाच सेकंदांचं वाक्य आहे आणि k निम्म्यावर वाईट हे त्यातच येतं. बाकी एकच: चार कोटी बोलताना "k वर अवलंबून नाही" हे जोड. नाहीतर पुढचा प्रश्न तोच येणार.

खोडसाळ

पुढचा प्रश्न मी विचारतो. k मध्येच बदलला तर? ऑपरेटरने सांगितलं, आता शेवटच्या पन्नासऐवजी शेवटच्या पाचशेंचा मीडियन दे.

प्रणव_सोलापूर

घरांच्या अॅरेत k कमी झाला तर जास्तीची जुनी रीडिंग एकेक करून वजा करायची, सोपं आहे. वाढला तर... मागची साडेचारशे रीडिंग परत आत घ्यायची. म्हणजे ती कुठेतरी साठवलेली हवीत. फाइल असेल तर आहेतच.

झटपट

आणि फाइल नसेल तर? दोन हीपवाल्या वाटेत मेलेले म्हणून फेकलेले आता जिवंत करायचे का?

अनुराधा_जो

फेकलेले परत येत नाहीत. k जास्तीत जास्त किती होऊ शकतो हे आधी विचारायचं, आणि तेवढा वर्तुळाकार बफर ठेवायचा. उत्तर "कितीही" असं आलं, तर सगळी रीडिंग ठेवावी लागतील. हीपच्या वाटेत k वाढल्यावर मेलेला कोण याची व्याख्याच बदलते: काही मेलेले अजून हीपच्या तळाशी पडलेले असतील, ते आपोआप जिवंत ठरतील, आणि बफरमधून तेच आत घातले तर दोनदा मोजले जातील. तिथे मी हीप नव्याने बांधीन. याहून बरी वाट कुणाकडे असेल तर लिहा, मला बघायची आहे.